इंटरव्ह्यूनंतर फॉलोअपचा मेल कुठल्या वारी, किती वाजता टाकायचा? (भोसरीतली कंपनी, मी सोलापुरात)

होटगीरोडवाला (शुक्रवार, रात्री 9:42)
नमस्कार मंडळी. बी.ई. मेकॅनिकल झालंय, दोन वर्षं इथंच एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. 12 तारखेला बुधवारी भोसरी एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनियरचा इंटरव्ह्यू दिला. आदल्या दिवशीच पुण्यात मावशीकडं जाऊन राहिलो होतो कारण हुतात्मानं सकाळी निघून वेळेत पोचलो असतो का नाही याची गॅरंटी नव्हती. इंटरव्ह्यू बरा झाला, क्वालिटी हेडनी अर्धा तास पीपॅप आणि एमएसएवर पिळलं पण शेवटी हसून बोलले. एचआर मॅडम म्हणाल्या आठवड्याभरात कळवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता थँक्यूचा मेल टाकला, त्याला उत्तर नाही. आज 21 तारीख, आठवडा होऊन दोन दिवस झाले. आता फॉलोअप टाकायचाय पण कुठल्या दिवशी आणि किती वाजता? मित्र म्हणालाय सोमवारी सकाळी सकाळी टाक म्हणजे सगळ्यात वर दिसेल. खरंय का?

हिंजवडीकर (शुक्रवार, रात्री 10:05)
सोमवारी अजिबात नको रे. सोमवारी सकाळी माणूस दोन दिवसांचे साठलेले मेल उपसत असतो, तुझा त्यातच गाडला जाणार. शुक्रवारी दुपारनंतर तर लोक मनानं घरी पोचलेले असतात. मंगळवार ते गुरुवार, सकाळी 10 ते 11, हे फिक्स. त्यातही मंगळवार बेस्ट. मी चार कंपन्या बदलल्यात, दर वेळी मंगळवारी 10 ला मेल, तीनदा त्याच दिवशी उत्तर आलंय. 25 ला मंगळवार आहे, डोळे झाकून टाक.

होटगीरोडवाला (शुक्रवार, रात्री 10:11)
ओके सर. मंगळवारी 25 ला 10 वाजता. थँक्स.

टॉवेलवाले_काका (शुक्रवार, रात्री 10:50)
आमचा अनुभव उलटा हाय बघा. अक्कलकोट रोडला आमचं छोटं युनिट हाय, टेरी टॉवेलचं. माणूस पसंत केला की मी मंगळवारीच फॉलोअप करतो, फोन करतो सकाळी दहाला, पोरं फोनच उचलत नाहीत वो. उचलला तर म्हणतात येतो की काका सोमवारपासून, आणि सोमवारी कुणीच नाही. माझ्याकडं आठवड्याला पगार हाय तरी थांबत नाहीत. तर तुम्ही मंगळवार कशावरून म्हणालात ते जरा सांगा.

हिंजवडीकर (शुक्रवार, रात्री 10:58)
काका, इथं उलटं चाललंय. पोरगा कंपनीला फॉलोअप करतोय, कंपनी पोराला नाही 😄

टॉवेलवाले_काका (शुक्रवार, रात्री 11:03)
मग पोरानं फोनच करावा की सरळ. मेल कोण बघतंय.

हजेरीबुक (शनिवार, सकाळी 8:20)
होटगीरोडवाला, थांब जरा. मी अकरा वर्षं कारखान्यात एचआर आणि टाइम ऑफिस सांभाळलंय, पहिली सहा इथं चिंचोळीला, नंतर पुण्याच्या बाजूला. हिंजवडीकर सांगतायत ते चुकीचं नाही पण ते त्यांच्या ऑफिसचं घड्याळ आहे, शनिवार रविवार सुट्टी असलेलं. मंगळवार चांगला का, तर सोमवारी साठलेलं उपसून झालेलं असतं म्हणून. मंगळवारात वेगळं काही नाही, सुट्टीनंतरचा दुसरा दिवस एवढंच त्याचं मोल.

आता भोसरी. पिंपरी चिंचवड, भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम चालू असतं. विजेचा भार वाटून घ्यायला एमआयडीसीत वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार दिले, त्यातून पडलेली सवय. म्हणजे तुझा थँक्यूचा मेल 13 तारखेला गेला तो गुरुवारी, प्लांट बंद असताना. शुक्रवारी सकाळी त्या बाईंनी मेलबॉक्स उघडला तेव्हा तो दिवसभराच्या मेलच्या खाली होता. त्यांचा शुक्रवार म्हणजे हिंजवडीकरांचा सोमवार, हे लक्षात घे.

पण सगळ्याच कंपन्यांचं असं नाही, आणि प्लांटला गुरुवार सुट्टी असली तरी कधीकधी एचआर हेड ऑफिसच्या कॅलेंडरवर चालतं, रविवार सुट्टी धरून. त्यामुळं अंदाज करू नको. त्यांच्याकडून आतापर्यंत जे मेल आलेत ते उघड आणि कुठल्या वारी किती वाजता आलेत ते इथं लिही.

होटगीरोडवाला (शनिवार, सकाळी 9:02)
ताई बघितलं. इंटरव्ह्यूचा कॉल आला होता 9 तारखेला 11:25 ला. कॅलेंडर बघितलं तर रविवार! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नंतर वेळ बदलल्याचा मेल 11 ला मंगळवारी 4:50 ला. आणि आता आठवतंय, गेटवर सिक्युरिटीवाला कुणाला तरी म्हणत होता उद्या बंद हाय, परवा ये.

हजेरीबुक (शनिवार, सकाळी 9:40)
झालं मग. रविवारी 11:25 ला मेल आला म्हणजे त्या बाई रविवारी टेबलावर असतात. एका मेलवरून शंभर टक्के म्हणता येत नाही, घरून मोबाईलवरनंही टाकला असेल, पण गेटवाल्याचं बोलणं आणि हे दोन्ही एकाच दिशेला जातंय.

आता दुसरी गोष्ट, 25 तारीख. छोट्या मध्यम कारखान्यात भरती करणारी बाई आणि पगार करणारी बाई एकच असते. बऱ्याच ठिकाणी हजेरी 20 ते 25 च्या दरम्यान क्लोज करतात, मग ओव्हरटाइम जुळवा, रजा जुळवा, कंत्राटदाराची बिलं तपासा, आणि पगार 7 च्या आत. त्यानंतर 15 च्या आत पीएफ आणि ईएसआयचं चलान. मी स्वतः 25 ते 7 या काळात नवीन माणसाचे मेल नुसते वाचायचे आणि स्टार मारून ठेवायचे, उत्तर द्यायला डोकंच नसायचं. तो मुलगा नको म्हणून नाही. त्यामुळं महिन्याच्या 8 ते 22-23 मधला वार हा 25 च्या मंगळवारापेक्षा कधीही बरा.

मग तुझ्या हातात काय राहिलं? त्यांनी सांगितलेली मुदत 19 ला बुधवारी संपली. 20 गुरुवार बंद. 21 शुक्रवार त्यांचा साठा उपसायचा दिवस. आज शनिवार, उद्या रविवार, परवा सोमवार 24. मंगळवारपासून पगाराची कामं. माझं मत, उद्या रविवारी.

हिंजवडीकर (शनिवार, सकाळी 10:15)
रविवारी?? ताई माफ करा पण रविवारी मेल टाकणारा कँडिडेट डेस्परेट वाटतो. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो, रविवारी मेल आला की पहिला विचार येतो की ह्याला काही कामधंदा नाही का.

हजेरीबुक (शनिवार, सकाळी 10:31)
तुम्हाला वाटेल कारण तुम्ही घरी मिसळ खात असता. ज्या बाई रविवारी बायोमेट्रिकचे पंच तपासत बसल्यात त्यांना तो साधा कामाचा दिवस आहे. उलट रविवारी मेल कमी येतात, कारण बँका, सरकारी ऑफिस, हेड ऑफिस, कस्टमर सगळे बंद. मला तर रविवारीच राहिलेली उत्तरं द्यायला वेळ मिळायचा.

ग्रामदैवत_भक्त (शनिवार, सकाळी 11:10)
शुक्रवारी टाकायचा विचार असेल तर 10:30 ते 12 राहुकाळ असतो तो टाळावा. शनिवारी 9 ते 10:30. रविवारी संध्याकाळी 4:30 ते 6, म्हणजे ताई म्हणतात तो रविवार सकाळचा वेळ चालतोय. सिद्धरामेश्वरांचं नाव घेऊन टाक पोरा.

हजेरीबुक (शनिवार, सकाळी 11:18)
चला, राहुकाळानं तरी माझ्या बाजूनं कौल दिला.

होटगीरोडवाला (शनिवार, दुपारी 12:05)
😄 ताई मग वेळ किती? रविवारी सकाळी 8 चा शेड्यूल लावून ठेवू का? जीमेल तोच सुचवतंय.

हजेरीबुक (शनिवार, दुपारी 12:44)
8 नको. `Schedule send` दाबलं की जीमेल आपोआप सकाळी 8:00 आणि दुपारी 1:00 असे पर्याय पुढं करतं आणि सगळी पोरं पहिलंच बोट लावतात, म्हणून 8:00 ला टाकलेले पाच सात अर्ज एका ओळीत दिसायचे मला. `Pick date & time` मध्ये जाऊन स्वतः वेळ टाक.

कारखान्यात एचआरची सकाळ कशी असते ते सांगते. आल्या आल्या कोण आलं नाही ते बघायचं, कंत्राटदाराची माणसं मोजायची, लाइनवर माणूस कमी म्हणून सुपरवायझरचे फोन, कुणाचं कार्ड चालत नाही, कुणाला गेटपास. तिकडं क्वालिटी हेड आणि प्रॉडक्शनवाले सकाळच्या मीटिंगमध्ये. हे सगळं साडेदहापर्यंत निवळतं. 10:45 ते 12 हा वेळ शांत. एक वाजता जेवण, तीन साडेतीनला दुसरी शिफ्ट येते की पुन्हा गोंधळ. शिवाय साडेदहानंतर क्वालिटी हेडही जागेवर आलेले असतात, म्हणजे तुझा मेल वाचून बाईंना एक फोन करून विचारायचं मनात आलं तर समोरचा माणूस सापडतो. तुझं उत्तर त्या बाईंकडं नाहीच आहे, ते हेडकडं आहे, त्यामुळं दोघं एका वेळी मोकळे असतील ती वेळ धरायची.

पुणे_कन्सल्टंट (शनिवार, दुपारी 2:20)
मी प्लेसमेंट कन्सल्टन्सीत आहे, मॅन्युफॅक्चरिंगचीच भरती बघतो. ताईंचं वार आणि वेळेचं पटलं, पण एक गोष्ट राहतेय. बऱ्याच प्लांटमध्ये आठवड्यातून एकदा प्लांट हेड, एचआर आणि डिपार्टमेंट हेड बसून रिकाम्या जागांचा आढावा घेतात, माझ्या क्लायंटकडं बहुतेक ठिकाणी सोमवारी. माझं म्हणणं मेल त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी पाहिजे, म्हणजे नाव ताजं असतं आणि एचआर तिथं विचारते की त्या सोलापूरच्या मुलाचं काय करायचं. मीटिंगनंतर मेल टाकला तर पुढची मीटिंग येईपर्यंत आठवडा गेला.

हजेरीबुक (शनिवार, दुपारी 3:05)
आणि माझं म्हणणं नेमकं उलटं. मीटिंगच्या आधी विचारलं तर एचआरकडं सांगण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ती उत्तर देत नाही, आणि एकदा उत्तर दिलं नाही की तो मेल विसरला जातो. मीटिंग झाल्यावर विचारलं तर हो किंवा नाही, काहीतरी हातात असतं.

पुणे_कन्सल्टंट (शनिवार, दुपारी 3:12)
पण पोराला उत्तर पाहिजे की नोकरी पाहिजे?

हजेरीबुक (शनिवार, दुपारी 3:15)
एका मेलनं नोकरी लागत नाही हो. मेलनं निर्णय बदलला असं मी अकरा वर्षांत बघितलं नाही, अडकलेला निर्णय हलला असं मात्र बघितलंय.

पुणे_कन्सल्टंट (शनिवार, दुपारी 3:21)
अडकलेलं हलवायलाच मीटिंगच्या आधी म्हणतोय मी! असो. इथं रविवार दोघांनाही चालतोय. बाकी ज्यांचा इंटरव्ह्यू कन्सल्टन्सीकडून लागलाय त्यांनी कंपनीला थेट मेल टाकू नका प्लीज, आमचा फोन घ्या, संध्याकाळी 5 नंतर, कारण आम्हाला कंपन्यांकडून दिवसभराचे निरोप तेव्हा मिळतात.

रात्रपाळी_रेश्मा (शनिवार, सायंकाळी 6:40)
माझं जरा वेगळं आहे, विचारलं तर चालेल का. मी सोलापुरातूनच वर्क फ्रॉम होम करते, शेवटचा राउंड न्यूयॉर्कच्या मॅनेजरबरोबर झाला. मी मंगळवारी सकाळी 10 ला मेल टाकला, इथल्या 10 ला. ते चुकलं का?

हिंजवडीकर (शनिवार, सायंकाळी 6:52)
तिकडं तेव्हा सोमवारची रात्र होती, साडेअकरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ मागं जातं, तेव्हापासून मार्चपर्यंत आपण साडेदहा तास पुढं, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांचे सकाळचे 10 पाहिजे असतील तर आत्ता आपल्याकडं रात्री 8:30. शेड्यूल लावताना जीमेल तुमच्याच टाइमझोनमधली वेळ धरतं, त्यामुळं तिथं 10 लिहू नका, 8:30 पीएम लिहा. आणि आता लगेच दुसरा मेल नको, चार पाच दिवस जाऊ द्या.

रात्रपाळी_रेश्मा (शनिवार, सायंकाळी 7:00)
अरे देवा. थँक्स. तरीच.

होटगीरोडवाला (शनिवार, रात्री 8:15)
ताई मेल लिहिलाय, बघता का. इंग्रजीत आहे पण थोडक्यात असा: आदरणीय मॅडम, मी आपल्या नामांकित कंपनीत 12 तारखेला मुलाखत दिली होती, मी अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक आहे, मला ही संधी मिळाल्यास मी आयुष्यभर ऋणी राहीन, तरी कृपया लवकरात लवकर निकाल कळवावा...

हजेरीबुक (शनिवार, रात्री 8:40)
बाळा हे देवळात वाचायला ठीक आहे 😄 पाच ओळींच्या वर जाऊ नको. कुठल्या पदासाठी, कुठल्या तारखेला, कुणी इंटरव्ह्यू घेतला. आपण आठवड्याभरात कळवू म्हणाला होतात म्हणून विचारतोय. कुठली कागदपत्रं हवी असतील तर पाठवतो. आणि शेवटी एक सोपा प्रश्न, साधारण कधीपर्यंत कळेल. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर आलं की पुढच्या फॉलोअपची तारीख तेच ठरवून देतात, तुला वार शोधत बसावं लागत नाही. नवीन मेल करू नको, त्यांच्या 11 तारखेच्या मेललाच रिप्लाय कर, म्हणजे तू कोण ते त्यांना शोधावं लागणार नाही. नोटीस पिरियड किती ते पण लिही एका ओळीत.

टॉवेलवाले_काका (शनिवार, रात्री 9:30)
एवढं सगळं एका मेलला? आमच्या वेळी माणूस सायकलवर येऊन गेटवर उभा राहायचा, काम असलं तर आत घ्यायचे. ताई तुम्ही मला सांगा, माझ्या पोरांना फोन कधी करू.

हजेरीबुक (शनिवार, रात्री 9:48)
काका, सकाळी दहाला तो पोरगा सध्याच्या मालकाच्या लूमवर उभा असतो, शेजारी मुकादम. कसा उचलेल? शिफ्ट सुटल्यावर अर्ध्या तासानं करा. आणि पगार झाल्या दिवशी संध्याकाळी करून बघा, त्या दिवशी माणूस सोडायचं का राहायचं ते ठरवत असतो. पण संक्रांतीच्या आठवड्यात करू नका, गड्ड्याच्या यात्रेत कोण फोन उचलतंय.

टॉवेलवाले_काका (शनिवार, रात्री 9:55)
हे पटलं बघा.

होटगीरोडवाला (रविवार, सकाळी 10:58)
टाकला. 10:52. आता वाट बघायची. आई म्हणालीय मोबाईल खाली ठेव आणि भाजी आण.

होटगीरोडवाला (रविवार, रात्री 9:10)
काही नाही आलं 😐

हिंजवडीकर (रविवार, रात्री 9:25)
मी काही बोलत नाही.

हजेरीबुक (रविवार, रात्री 9:33)
बोला की. एका दिवसात नाही आलं म्हणजे काही नाही. आता तीन चार कामाचे दिवस हात लावू नकोस. व्हॉट्सअॅपवर हाय मॅडम तर नकोच नको, आणि लिंक्डइनवर क्वालिटी हेडना गाठायला जाऊ नको.

होटगीरोडवाला (सोमवार, सायंकाळी 5:40)
आला आला! 5:10 ला. मॅडमनी लिहिलंय की क्वालिटी हेडनी ओके दिलंय, प्लांट हेडची मंजुरी बाकी आहे, शुक्रवार शनिवार कस्टमर ऑडिट आहे त्यामुळं पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कळवतील. आणि सध्याच्या पगाराच्या तीन स्लिप मागितल्यात.

पुणे_कन्सल्टंट (सोमवार, सायंकाळी 5:52)
बघा, सोमवारची मीटिंग झाली आणि संध्याकाळी उत्तर. आदल्या दिवशी मेल होता म्हणून विषय निघाला.

हजेरीबुक (सोमवार, सायंकाळी 6:05)
किंवा मीटिंग झाल्यावरच सांगण्यासारखं काही हातात आलं म्हणून उत्तर दिलं. मीटिंग झाली का ते तरी कुठं माहितीय आपल्याला. असू दे. स्लिप मागितल्या हे चांगलं लक्षण, पण ऑफर नाही ही, वर्कशॉपला राजीनामा बिजीनामा देऊ नको हां. स्लिप आजच पाठव, याला वार बघायचा नाही.

होटगीरोडवाला (सोमवार, सायंकाळी 6:20)
पाठवल्या ताई. समजा पहिल्या आठवड्यातपण नाही कळवलं तर? 8 ला सकाळी टाकू का?

हजेरीबुक (सोमवार, सायंकाळी 6:48)
पहिला आठवडा 7 ला संपतो, तोपर्यंत त्या पगारात असणार. 4 ला गुरुवार सुट्टी. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं रांगेत उभी असतात, माझा ओटी कमी लागला, माझी रजा कापली, त्यामुळं 8 सुद्धा नको. 9 ला टाक, 10:45 नंतर. फार उशीर करू नको, 15 जवळ आली की चलानाची गडबड.

हिंजवडीकर (सोमवार, सायंकाळी 6:55)
9 ला कुठला वार आहे बघा जरा कॅलेंडरमध्ये.

होटगीरोडवाला (सोमवार, सायंकाळी 6:57)
मंगळवार 😂

हजेरीबुक (सोमवार, सायंकाळी 7:01)
घ्या.

टॉवेलवाले_काका (सोमवार, रात्री 9:15)
शिफ्ट सुटल्यावर फोन केला आज. दोघांनी उचलला. एक म्हणाला येतो. दुसऱ्यानं विचारलं काका तुमच्याकडं सुट्टी कुठल्या वारी असते.